पुरी फुगते, पण तेल पिते

माझ्या पुऱ्या फुगायच्या, पण ताटात येईपर्यंत बसायच्या आणि खाली कागदावर तेलाचा डाग पसरायचा. दोष निघाला कणकेत. पोळीसारखी सैल कणीक लाटताना चिकटते, मग पिठी लागते आणि ती पिठी तेलात जळून तळाशी बसते. आता पाव किलो कणकेला चमचाभर रवा, मीठ आणि साधारण 120 मिली पाणी, तेही थोडं थोडं घालते. गोळा बोटाने दाबला तर खळगा पडावा, पण बोटाला काही चिकटू नये. वीस मिनिटं झाकून ठेवते. फार वेळ ठेवली तर कणीक पुन्हा सैलावते. लाटायला पिठीऐवजी तेलाचा थेंब.

राहिलं तेल. कणकेचा कण टाकला की तो लगेच वर यायला हवा, साधारण 180 ते 190 अंशांवर. तळाशी रेंगाळला तर पुरी तेल पिणार. लगेच काळपटला तर गॅस कमी करा. पुरी वर आली की झाऱ्याने कडेला हलकेच दाबायची, आतली वाफ पसरते. मी एका वेळी एकच तळते, कारण दोन-तीन टाकल्या की छोट्या कढईतलं तेल निवतं. पुरी जाडसर लाटली तर जास्त वेळ फुगलेली राहते, पातळ मात्र पापडासारखी कडक होते.