रिफ्रेशर कोर्सच्या प्रमाणपत्रावरची तारीख आणि नाव

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ नुसार नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स लागतात. बहुतेकांना हे माहीत असतं. अडतं ते तारखेवर.

समजा, सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात काम करणाऱ्या एका ताईंची नोंदणी २०२२ ते २०२६ या काळाची आहे. फाईलमध्ये प्रमाणपत्रं दोन: एक २०२१ चं, एक २०२४ चं. मागच्या नूतनीकरणात पहिलं वापरून झालंय, म्हणजे हाती एकच उरलं. हे डिसेंबरात कळलं, तर जवळपास कोर्स मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहून ठेवा: ‘कोणत्या मुदतीसाठी’.

दुसरी अडचण नावाची, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींना ती फार छळते. कोर्सला नाव नोंदवताना आधार कार्डावरचं नको, कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे तेच नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. रजिस्टरमधलं नाव बदलायचं असेल, तर तो अर्ज नूतनीकरणाच्या आधी मार्गी लावा. प्रमाणपत्र हातात पडताच तिथेच वाचा. चूक त्याच दिवशी आयोजकांकडून दुरुस्त होते, चार वर्षांनी त्यांना शोधत बसावं लागतं.

शुल्क थकलं तर फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३४ खाली नाव रजिस्टरमधून काढलं जातं. ते परत लावता येतं, पण मधल्या काळात तुम्ही नोंदणीकृत फार्मासिस्ट नसता, आणि दुकानाचा परवाना तुमच्याच नावावर उभा असतो. पैसे भरल्याची पावतीही त्याच फाईलमध्ये लावा.