हेल्पलाइनचा रेकॉर्ड केलेला आवाज निवांत कसा करावा

वीज कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला की आधी एक ध्वनिमुद्रित बाई बोलते. तिचं बोलणं लिहून देणारा कोणीतरी असतो. ते काम तुमच्याकडे आलं आणि "जरा आपुलकीचं वाटू दे" एवढीच सूचना मिळाली, तर पहिला मोह गोड शब्द घालण्याचा होतो: कृपया, हार्दिक स्वागत, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा. त्यानं बोलणं लांबतं, पण ऐकणाऱ्याला धीर येत नाही. धीर येतो तो दोन वाक्यांमधल्या जागेतून आणि ऐकणारा चुकला किंवा गप्प राहिला, तर यंत्र काय करतं त्यावरून.

एक नेहमीचा नमुना घेऊ:

"वीज ग्राहक सेवा केंद्रामध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. बिलविषयक चौकशीसाठी एक दाबा. नवीन जोडणीसाठी दोन दाबा. नावात बदल करण्यासाठी तीन दाबा. वीजपुरवठा खंडित झाल्याची तक्रार नोंदवण्यासाठी चार दाबा. मीटरविषयक तक्रारीसाठी पाच दाबा."

1. फोन करणारा कुठे उभा आहे ते आधी बघा

वीज गेलेली, घरात अंधार, हातात मोबाइल. आकडा दाबायचा म्हणजे फोन कानावरून खाली आणायचा, स्क्रीन उजळायची वाट बघायची, कीपॅड उघडायचा, आकडा शोधायचा, दाबायचा आणि फोन परत कानाला लावायचा. या वेळात कानावर काहीच पडत नाही. पटकथा लिहिताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टेबलावरचा बटणांचा फोन असतो, तिथंच सगळं बिनसतं. स्वतः एकदा दिवा बंद करून करून बघा. सवय नसलेल्या माणसाचे सहा-सात सेकंद सहज जातात.

2. क्रम अडचणीप्रमाणे लावा

वरच्या नमुन्यात बिल पहिलं आहे, कारण ऑफिसात बिलाचा विभाग मोठा असतो. ऐकणाऱ्याला त्याचं काय? जिवाला धोका असेल ते सगळ्यात आधी, मग जे लोक जास्त विचारतात ते. पर्याय चारच ठेवा. नवीन जोडणी, नावबदल, मीटर हे सगळं "दुसरं काही काम" मध्ये जाऊ द्या आणि त्याची फोड पुढच्या पायरीवर करा. चारवर थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. साध्या फोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो, त्यात "स" बोथट होतो. "सहा" आणि "सात" यांचा घोळ मग होतच नाही.

3. वाक्य आधी अडचणीचं, मग आकड्याचं

इथं मराठी आपल्या बाजूनं आहे. "वीज गेली असेल, तर दोन दाबा" हे आपण तसंही असंच बोलतो. आकडा शेवटी आला की तो कानात ताजा असतानाच बोट कीपॅडवर जातं. "वीजपुरवठा खंडित झाल्याची तक्रार" हा नोटिशीतल्या मराठीचा नमुना. शेजाऱ्याला आपण "लाइट गेलेत का?" असं विचारतो, तेवढं साधं पुरे.

आता तोच नमुना असा होतो:

"नमस्कार. हे वीज मदत केंद्र. तार तुटून पडली असेल किंवा ठिणग्या उडत असतील, तर लांबच राहा आणि एक दाबा. … घरातली वीज गेली असेल, तर दोन दाबा. … बिलाबद्दल काही विचारायचं असेल, तर तीन दाबा. … दुसरं काही काम असेल, तर चार दाबा. … सावकाश दाबा, मी थांबते."

कॉल रेकॉर्ड होत असल्याची सूचना नियमानं लागत असेल, तर ती ठेवावीच लागते. पण "हे बोलणं रेकॉर्ड होतंय" एवढ्यात भागतं. ती नेमकी कुठं घालायची, ते कायदा बघणाऱ्यांना विचारा.

4. थांबे लिहून द्या

नुसतं "हळू वाचा" सांगितलं तर वाचणारी शब्द ताणते आणि ऐकणाऱ्याला आपण लहान मूल असल्यासारखं वाटतं. बोलण्याचा वेग नेहमीचाच हवा, मोकळी जागा दोन पर्यायांच्या मध्ये हवी. पाऊण सेकंदाच्या आसपास बरी वाटते. "मी थांबते" म्हटल्यावर मात्र खरोखर थांबायचं, निदान आठ सेकंद. असं म्हणून तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बडबड सुरू झाली, तर ते न म्हटलेलंच बरं. आवाज संगणकानं तयार होणार असेल, तर तंत्रज्ञाला साधारण असं द्या:

```xml
<prompt bargein="true" timeout="8s">
  घरातली वीज गेली असेल, तर दोन दाबा.
  <break time="700ms"/>
  बिलाबद्दल काही विचारायचं असेल, तर तीन दाबा.
</prompt>
```

यातलं `bargein` विसरू नका. ते चालू असलं की आकडा माहीत असलेला माणूस बोलणं मध्येच तोडून पुढे जाऊ शकतो. निवांतपणाची सक्ती कोणावरच नको.

5. गप्प बसलेल्याला आणि चुकलेल्याला काय म्हणायचं

माझा अर्धा वेळ इथंच जातो. "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही" हे वाक्य ऐकलं की शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा काही दाबलं गेलं नाही तर: "घाई नाही. पुन्हा सांगते." आणि फक्त चार पर्याय, नमस्कार नाही. दुसऱ्यांदाही शांतता राहिली तर: "आकडा दाबायला अडचण येत असेल, तर तसेच थांबा. माणसाशी जोडून देते." आणि खरंच जोडायचं. दोनदा विचारून फोन तोडणाऱ्या यंत्रणा आहेत, त्यांना आवाज कितीही मधुर दिला तरी उपयोग नाही. चुकून पाच दाबला गेला तर "पाचवर काही नाही. पुन्हा सांगते" एवढंच. "चुकीचा" हा शब्द कुठेच नको.

6. ग्राहक क्रमांक शेवटी मागा

अंधारात बिल कोण शोधणार? ज्या नंबरवरून फोन आलाय तो नोंदलेला असेल, तर त्यावरूनच घर ओळखता येतं. मागावाच लागला तर: "बिल हाताशी असेल, तर त्यावरचा ग्राहक क्रमांक दाबा. नसेल, तर स्टार दाबा." दोन आकड्यांच्या मध्ये चार-पाच सेकंद मिळू द्या, कारण माणूस बिलावर बघतो, मग फोनवर. नंबर वाचून दाखवताना तीन-तीन आकड्यांचे गट करा.

"मी" म्हणणारा आवाज ठेवावा का, यावर वाद होतात. मी ठेवते. पण त्या आवाजाला नाव देत नाही आणि मागे टाइप केल्याचा खोटा खडखडाटही घालत नाही. लोकांना ते कळतं. "दहा मिनिटांत लाइट येतील" हेही तसंच. दुरुस्तीची ताजी माहिती यंत्रणेत येत असेल तरच वेळ सांगा. नाहीतर "तुमची तक्रार लिहून घेतली आहे" इतकंच.

7. फोनवरूनच तपासा

कागदावर सगळंच छान वाचलं जातं. पटकथा मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग दुसऱ्या खोलीत, दिवा बंद करून बसलेल्या, हे काम माहीत नसलेल्या कोणालातरी फोन लावा आणि ती ऐकवा. "लाइट गेलेत, तक्रार करायची आहे" एवढंच त्याला आधी सांगा. तो फोन कानावरून कधी काढतो, ते ऐकत राहा. "दोन" ऐकताच काढला, तर क्रम बरोबर बसलाय. चारही पर्याय संपल्यावर "काय म्हणाली?" असं विचारलं, तर दुसऱ्या पर्यायाचं वाक्य अजून जड आहे. ते तोडा आणि पुन्हा फोन लावा.