पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची तयारी: बरोबर काय न्यायचं, काय बघतात आणि ‘सॉफ्ट मार्कर’ कसा वाचायचा

आधी तारीख पक्की करा. पाचव्या महिन्यातली ही सोनोग्राफी, म्हणजे बाळाचे अवयव तपासणारा अनॉमली स्कॅन, १८ ते २२ आठवड्यांत करता येतो, पण १९ आठवडे पूर्ण होण्याच्या आसपासचा दिवस सगळ्यात सोयीचा. शेवटची पाळी १ जूनला आली असेल तर १८ आठवडे ५ ऑक्टोबरला भरतात आणि २० आठवडे १९ ऑक्टोबरला. या दोन तारखांच्या मधली अपॉइंटमेंट घ्या, आणि ती महिनाभर आधी घ्या. फार लवकर गेलं तर हृदय इतकं लहान असतं की त्यातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत. उशीर झाला तर पुढच्या तपासणीला वेळ उरत नाही. गर्भजलाची तपासणी करायची ठरली तर गुणसूत्रांचा पूर्ण रिपोर्ट यायला साधारण दोन आठवडे लागतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ती मुभाही ठरावीक गटांतल्या स्त्रियांनाच आहे. २४ नंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तरच परवानगी मिळते. निर्णय काहीही असो, तो घाईत घ्यावा लागू नये म्हणून एकोणीस.

आता फाइल. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पत्ता असलेलं फोटो ओळखपत्र लागतंच, कारण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरला जातो. मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही, अशा मजकुरावर तुमची सही घेतात. चिठ्ठी घरी राहिली तर केंद्र परत पाठवतं, आणि ते बरोबरच करतं. पण याहून महत्त्वाचे दोन कागद बरेच जण घरी ठेवून जातात. पहिला, सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. बाळाचं वय त्यावरून ठरतं. पाळी अनियमित असेल आणि वय दोन आठवड्यांनी चुकलं, तर निरोगी बाळाची मांडी ‘आखूड’ ठरते. दुसरा, ११ ते १४ आठवड्यांतल्या तपासणीचा, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी दाखवणारी एनटी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी यांचा एकत्रित रिपोर्ट. क्वाड्रपल मार्कर ही नंतरची रक्ततपासणी किंवा आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एनआयपीटी केली असेल तर तीही. या कागदावर ‘डाउन सिंड्रोमची शक्यता २४०० मध्ये १’ अशा स्वरूपाचा आकडा असतो. तो अधोरेखित करून ठेवा. सॉफ्ट मार्कर निघाला तर त्याचा अर्थ याच आकड्याला धरून लागतो.

पोटाची तयारी फारशी नाही. उपाशी जायचं नाही, नेहमीसारखं खाऊन जा. तासभर आधीपासून लिटरभर पाणी पिऊन लघवी दाबून धरायचीही गरज नाही. ते सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीसाठी सांगतात. पिशवीच्या तोंडाची लांबी आतून मोजायची असेल तर मूत्राशय रिकामंच लागतं. त्या तपासणीने बाळाला धक्का लागत नाही, आणि २५ मिलीमीटरपेक्षा कमी लांबी वेळेवर कळली तर अकाली बाळंतपण टाळण्यासाठी उपचार करता येतात. कपडे दोन भागांतले घाला. तासाभराची सवड ठेवून जा. बाळ पालथं असेल, पाठ वर करून झोपलं असेल, तर डॉक्टर तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं चालून यायला सांगतील किंवा आठवड्याने परत बोलावतील. पोटावर चरबी जास्त असेल, आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल किंवा वार पुढच्या बाजूला असेल, तरी चित्र धूसर येतं. परत बोलावलं म्हणजे काहीतरी सापडलं, असा अर्थ काढू नका.

आत काय बघतात ते आधी माहीत असलं की रिपोर्ट वाचता येतो. डोक्यात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांची रुंदी मोजतात. ती १० मिलीमीटरच्या आत हवी. लहान मेंदू आणि मधल्या रचना बघतात. चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणी, नाकाचं हाड आणि वरचा ओठ सलग आहे का ते बघतात. पाठीचा कणा वरून खालपर्यंत आणि आडव्या छेदातही तपासतात. त्यावरची त्वचा अखंड हवी. इथे एक गंमतीची खूण आहे. कणा उघडा राहिला असेल तर मेंदू खाली ओढला जातो, कपाळाची हाडं आत दबून कवटी आडव्या छेदात लिंबासारखी टोकदार दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो. म्हणून कण्याचं दुखणं बऱ्याचदा आधी डोक्यात कळतं. पोटात जठर, दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय आणि नाळ जिथे शिरते ती जागा. हातापायांची लांब हाडं, तळवे आणि पावलं. शेवटी वार, गर्भजल आणि नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या.

हृदयाजवळ थोडं थांबा. बाळाचं हृदय या वयात मोठ्या द्राक्षाएवढं असतं आणि मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके घालतं. चार कप्पे दिसले म्हणजे हृदय तपासलं, असं होत नाही. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असली तरी चार कप्प्यांचं चित्र अगदी नॉर्मल दिसू शकतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये चार कप्प्यांबरोबर ‘आउटफ्लो ट्रॅक्ट’ आणि ‘थ्री व्हेसल व्ह्यू’ हे शब्द आहेत का ते शोधा. नसतील किंवा ‘नीट दिसलं नाही’ असं लिहिलं असेल, तर तो भाग परत बघून घ्या. तरीही हृदयातलं बारीक छिद्र सुटू शकतं. आतड्याचे काही अडथळे आणि काही प्रकारचं हाडांचं खुजेपण पुढच्या महिन्यांतच दिसायला लागतं.

आता सॉफ्ट मार्कर. मार्कर म्हणजे व्यंग नव्हे. ज्या खुणा निरोगी बाळांतही दिसतात, पण गुणसूत्रांचा दोष असलेल्या बाळांत थोड्या जास्त वेळा दिसतात, त्यांना हे नाव आहे. सगळ्यात नेहमी दिसणारा म्हणजे हृदयातला पांढरा ठिपका, रिपोर्टात ‘इकोजेनिक इंट्राकार्डिॲक फोकस’. झडपेला धरून ठेवणाऱ्या स्नायूत कॅल्शियमचा कण साचलेला असतो, बहुधा डाव्या कप्प्यात. ‘हृदयात कॅल्शियम’ ऐकलं की घरात रडारड होते. पण हा हृदयरोग नाही, ठोक्यांवर आणि रक्तप्रवाहावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि आशियाई वंशाच्या बाळांत तो जास्त दिसतो. तो हाडाइतका चमकदार असेल तरच मोजायचा. मशीनची चमक वाढवून ठेवली की साधा स्नायूही पांढरा दिसतो, म्हणून चमक कमी करून ठिपका टिकतो का ते बघतात.

एक उदाहरण घेऊ. वय २९, पहिल्या तिमाहीचा आकडा २४०० मध्ये १. एकोणिसाव्या आठवड्यात डाव्या कप्प्यात एक ठिपका, बाकी सगळं नॉर्मल. प्रत्येक मार्करला एक गुणक असतो आणि आधीच्या शक्यतेला त्याने गुणायचं असतं. एकट्या ठिपक्याचा गुणक २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ०.९५ आला, म्हणजे जवळपास एक. २४०० मध्ये १ होती, ती तशीच राहिली. गर्भजल तपासायची गरज नाही, हृदयाची वेगळी सोनोग्राफीही केवळ या ठिपक्यासाठी लागत नाही. त्याच स्त्रीच्या रिपोर्टात ठिपक्याऐवजी हाडासारखं पांढरं आतडं असतं, तर गुणक साधारण १.६५. शक्यता १४५० मध्ये १ च्या घरात गेली असती, म्हणजे अजून कमीच. पण नाकाचं हाड दिसलंच नसतं तर गुणक साडेसहाच्या आसपास, आणि शक्यता सुमारे ३७० मध्ये १. तिथे एनआयपीटी किंवा गर्भजलाबद्दल बोलायला हवं. एनआयपीटी आधीच नॉर्मल आली असेल तर ठिपक्याचा विषय तिथेच संपतो. आणि पहिल्या तिमाहीची कुठलीच तपासणी झालेली नसेल, तर हिशेबाला सुरुवातीचा आकडाच नसतो. अशा वेळी घाबरून थेट सुई टोचण्याआधी क्वाड्रपल किंवा एनआयपीटी करायची का, हे विचारा.

हा हिशेब ‘एकटा मार्कर’ या शब्दावर उभा आहे. रिपोर्टात तो ‘आयसोलेटेड’ असा येतो. बाकीचे अवयव पूर्ण दिसले असतील तरच मार्कर एकटा म्हणता येतो. मेंदूतल्या पाण्याच्या छोट्या पुटीचं, म्हणजे कोरॉइड प्लेक्सस सिस्टचं, तेच. ती बहुतेक वेळा २८ आठवड्यांपर्यंत विरते आणि बुद्धीशी तिचा संबंध नाही. पण ती दिसली की हृदय आणि हाताच्या मुठी पुन्हा बघायच्या, कारण ट्रायसोमी १८ या गुणसूत्रांच्या दोषात मुठी आवळलेल्या आणि बोटं एकमेकांवर चढलेली असतात. मुठी उघडताना दिसल्या आणि हृदय नॉर्मल असलं की पुटी बाजूला ठेवता येते. उलट दोन-तीन मार्कर एकत्र आले, किंवा मार्करबरोबर खरं व्यंग निघालं, तर आधीचा आकडा कितीही चांगला असला तरी फीटल मेडिसिनच्या तज्ज्ञांकडे जा. मानेमागची घडी ६ मिलीमीटर किंवा जास्त असेल तरीही. ही घडी आणि बाराव्या आठवड्यातली एनटी वेगळ्या आहेत. एनटीची ३.५ ची मर्यादा इथे लावून घाबरू नका.

काही मार्करांचा धाक गुणसूत्रांचा नसतो, वेगळीच तपासणी मागतो. पांढरं आतडं दिसलं तर सुरुवातीला रक्तस्राव झाला होता का ते आठवून सांगा, कारण बाळाने गर्भजलातलं रक्त गिळलं तरी आतडं तसं दिसतं. सीएमव्ही या विषाणूच्या संसर्गाची रक्ततपासणी आणि नंतर वाढीची सोनोग्राफी मात्र करून घ्यायची. मूत्रपिंडाच्या ओंजळीत, म्हणजे लघवी जमते त्या भागात, ४ मिलीमीटर किंवा जास्त पाणी असेल, तर रिपोर्टवरच ३२ आठवड्यांची तारीख लिहून ठेवा. तेव्हा ७ मिलीमीटरच्या आत असेल तर काळजी मिटली. तसं नसेल तर बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना सांगा. बाळाच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी जन्मानंतर ४८ तास गेल्यावर करायची, कारण पहिल्या दोन दिवसांत लघवी कमी असते आणि साठलेलं पाणी दिसतच नाही.