रजेच्या ऑटो रिप्लायमध्ये कोणती तारीख लिहावी?

'१२ मेपर्यंत रजेवर' असं लिहिलं, की कुणीतरी १२ तारखेलाच बैठक ठेवतं. म्हणून कामावर हजर होण्याचा दिवस वारासकट लिहा:

'मी बुधवार, १३ मे रोजी कामावर येईन. त्याआधीच्या बैठकीची वेळ ठरवायची किंवा बदलायची असल्यास (सहकाऱ्याचं नाव, ईमेल) यांना लिहा. बाकी मेलना परतल्यावर उत्तर देईन.'

'तातडीचं असल्यास' एवढंच लिहिलं तर सहकाऱ्याकडे सगळंच जातं, म्हणून काम नेमकं सांगा. त्यांना आधी विचारा आणि तुमच्या कॅलेंडरमध्ये बदल करण्याची परवानगी द्या. नुसतं बघता येऊन भागत नाही.

जीमेल एकाच व्यक्तीला सहसा चार दिवसांतून एकदाच हे उत्तर पाठवतं. त्यामुळे मजकूर दुसऱ्या खात्यावरून मेल करून आधीच तपासा.