पॅनेलच्या ड्रॉइंगचा फोटो अरबीत करताय? या चुका टाळा

आपल्याकडून पंपाचं किंवा काँप्रेसरचं कंट्रोल पॅनेल आखाती देशात गेलं, की थोड्या दिवसांनी तिकडून मागणी येते: ड्रॉइंग अरबीत द्या. मूळ फाइल बहुतेक वेळा कुणाकडेच सापडत नाही. हाती असतो तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावरून भागांची नावं अरबीत करायची आणि चिन्हं, एककं जशीच्या तशी ठेवायची, असं हे काम. मी ते बरीच वर्षं करतोय. नवीन मुलं त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडखळतात, आणि कारण नेहमी एकच असतं: फोटो उघडला की पाचव्या मिनिटाला भाषांतर सुरू.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पॅनेलमधल्या वस्तूवर जे छापलेलं आहे, ते कागदावर बदलायचं नाही. काँटॅक्टरच्या कॉइलवर A1, A2 असतं, सहायक संपर्कावर 13, 14 असतं, ओव्हरलोड रिलेवर 95, 96 असतं, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये U1, V1, W1 असतं. तंत्रज्ञ एका हातात कागद धरून दुसऱ्या हाताने वायर शोधतो तेव्हा त्याला हीच अक्षरं जुळवायची असतात. अरबीत जायचं ते फक्त माणसांनी दिलेलं नाव: मुख्य काँटॅक्टर, टायमर, पंप, थांबवण्याचं बटण.

म्हणूनच फोटोवर कॅमेरा धरून आपोआप भाषांतर करणारी ॲप्स या कामाला वापरू नका. त्यांना `NO` दिसलं की ती त्याचं لا करतात, म्हणजे चक्क ‘नाही’. तो बिचारा नॉर्मली ओपन संपर्क असतो. मी आधी कागदावर तक्ता करतो. फोटोतला प्रत्येक मजकूर, अगदी कोपऱ्यातला आकडासुद्धा, एका ओळीत एक असा लिहितो आणि पुढे खूण करतो: बदलायचा, हात लावायचा नाही, किंवा नीट वाचता येत नाही. तिसऱ्या खुणेच्या ओळी असतील तोवर काम पुढे जात नाही. साइटवरून दुसरा फोटो मागवतो, समोरून सरळ काढलेला, फ्लॅश न मारता.

आता आकडे. इथे लोक सगळ्यात जास्त हट्टाने चुकतात, कारण त्यांना वाटतं की अरबी करायचं तर पुरतं अरबी करू. इजिप्त आणि आखाती देशांत ٠ ١ ٢ ٣ ٤ ٥ ٦ ٧ ٨ ٩ हे अंक चालतात. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात मात्र रोजच्या व्यवहारातही 1, 2, 3 असेच लिहितात. त्या पहिल्या संचात शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे छोटं वर्तुळ. छापील पुस्तकात ते चांगलंच वाचता येतं. पण ड्रॉइंगवरचा आकडा दोन मिलिमीटरचा असतो, कागदाला तेलाचे हात लागलेले असतात, आणि शेवटी कुणीतरी त्याचाही फोटो काढून पुढे पाठवतो.

ओमानमधल्या एका पंपाच्या स्टार-डेल्टा पॅनेलचं उदाहरण सांगतो. मूळ कागदावर टायमरपुढे `10 s` होतं. भाषांतर करणाऱ्याने त्याचं `١٠ s` केलं. छापील प्रत ऑफिसात राहिली आणि साइटवर गेला तिचा फोटो, पाठवताना दाबून लहान झालेला. त्यात शून्याचा ठिपका कागदाच्या पोतात विरून गेला आणि उरलं `١ s`. तिथल्या इलेक्ट्रिशियनने टायमर बदलला होता, त्यावर त्याने कागदाप्रमाणे इमानदारीत एक सेकंद लावला. पंप सुरू केला की स्टारमधून डेल्टात जाताना ब्रेकर पडायचा, दर वेळी.

असं का होतं ते समजून घ्या. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला साधारण २४० व्होल्टच मिळतात, आणि लाइनमधून ओढला जाणारा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश असतो. मोटरने त्या अवस्थेत वेग घ्यावा आणि मग डेल्टात जावं, म्हणून ते दहा सेकंद दिलेले असतात. एका सेकंदात मोटरने वेग घेतलेलाच नसतो. तशीच ती डेल्टात गेली, की थेट सुरू केल्यासारखा दणका बसतो आणि ब्रेकर आपलं काम करतो. तिकडे मात्र आधी ब्रेकरवर संशय गेला, तो बदलला. मग मोटरचं इन्सुलेशन तपासलं. फोनवर कुणीतरी विचारलं की टायमरची चकती कुठे आहे, तेव्हा उलगडा झाला.

तेव्हापासून माझ्याकडे ड्रॉइंगवरचे आकडे 0 ते 9 असेच राहतात. मल्टिमीटरवर, टायमरच्या चकतीवर, ब्रेकरच्या दांडीजवळ बहुधा तेच आकडे असतात आणि आखातातला तंत्रज्ञ ते रोज वाचतो. ग्राहकाने लेखी आग्रह धरलाच, तर अरबी अंक फक्त बाजूच्या यादीत, मोठ्या आकारात देतो. चित्रावर नाही.

दुसरी मोठी अडचण दिशेची. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, त्यातले आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. एकाच ओळीत अरबी शब्द, आकडा आणि लॅटिन अक्षरातलं एकक आलं, की कोण कुठे बसणार हे संगणक युनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी ठरवतो. ते नियम लेखनासाठी केलेले आहेत, सर्किटसाठी नाहीत. अरबी शब्दामागे `24 V DC` टाका, पडद्यावर `V DC 24` दिसेल. `4-20 mA` चं `mA 20-4` होतं. `-K1` मधली सुरुवातीची रेघ उडी मारून पलीकडे जाते आणि `K1-` दिसतं. उणे बारा व्होल्टचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

नवशिक्या इथे फसतो, कारण `24V` असं जागा न सोडता लिहिलं तर ते बरोबर दिसतं. एक ओळ बरोबर दिसली की तो बाकीच्या बघत नाही. पुढच्याच ओळीत `24` आणि `V` यांच्यात मोकळी जागा असते आणि एकक आकड्याच्या आधी जाऊन बसतं. मग कुणीतरी सुचवतं की न तुटणारी जागा घाला. तिने ओळ तुटणं थांबतं, क्रम सुधारत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, उलटं दिसतंय म्हणून काही जण टाइप करतानाच उलटं टाइप करतात. त्या पडद्यावर ते सुलटं दिसतं. तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेला की पुन्हा उलटतो, आणि मग खरं कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. `20-4` पाहून एक अरबी वाचक उजवीकडून ‘चार ते वीस’ वाचेल, दुसरा लॅटिन एकक पाहून ‘वीस ते चार’. प्रेशर ट्रान्समीटरचं स्केल लावताना हा घोळ परवडत नाही.

माझी सवय साधी आहे. नाव एका टेक्स्ट बॉक्समध्ये, मूल्य दुसऱ्यात. नावाच्या बॉक्सची दिशा उजवीकडून डावीकडे, मूल्याच्या बॉक्सची डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकाच ओळीत ठेवावीच लागली, यादीत तसं होतं, तर मूल्याच्या दोन्ही बाजूंना दिशा वेगळी पाडणारी न दिसणारी चिन्हं घालायची:

```
U+2066  4-20 mA  U+2069
```

पहिलं चिन्ह ‘इथून डावीकडून उजवीकडे’ असं सांगतं, दुसरं तो तुकडा संपवतं. मग मागेपुढे कितीही अरबी असू दे, आतला क्रम हलत नाही.

दिशेवरूनच आणखी एक प्रकार होतो. पानाची मांडणी उजवीकडून करायची म्हणून कुणीतरी आख्खं चित्रच आरशातल्यासारखं फिरवतं आणि वर अक्षरं सुलटी करून बसवतं. जोडण्या तर त्याच राहिल्या ना, असा त्याचा युक्तिवाद असतो. कागदावर त्या राहतात, मान्य. पण टर्मिनल बॉक्सचं चित्र हे जागेचं चित्र असतं. खऱ्या मोटरमध्ये खालच्या रांगेत डावीकडून U1, V1, W1 असतात. फिरवलेल्या चित्रात U1 उजवीकडे जातो. घाईत माणूस अक्षरं वाचत नाही, जागा बघतो. तो L1 ची वायर सगळ्यात उजव्या स्टडला लावतो, तिथे खरं तर W1 आहे. L3 जाते U1 ला. दोन फेजची अदलाबदल झाली, मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाणी अगदीच बंद होत नाही, कमी दाबाने येत राहतं, म्हणून दोष लवकर सापडतही नाही. चित्र फिरवू नका. अरबी शीर्षक आणि यादी उजवीकडे घ्या, तेवढं पुरे.

पांढरा ठोकळा टाकून इंग्रजी नाव झाकताना त्याखाली दोन तारांच्या जोडाचा ठिपका जात नाही ना, ते बघा. ठिपका गेला की जोड नुसत्या छेदासारखा दिसतो.

फोटोतून मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम `µ` चं `p` करतो आणि कपॅसिटर दहा लाख पटींनी लहान होतो. `Ω` चा कधी `Q` होतो, कधी शून्य. ही चिन्हं असलेली प्रत्येक ओळ हाताने टाइप करा.

`4k7` हे चुकून लिहिलेलं नसतं. दशांश बिंदू फोटोत हरवतो म्हणूनच त्याच्या जागी अक्षर लिहितात. ते ‘सुधारून’ `47k` करणारे मी पाहिलेत.

अरबी अक्षरं सुटी सुटी दिसत असतील, एकमेकांना जोडलेली नसतील, तर तुमच्या प्रोग्रॅमला अरबी नीट मांडता येत नाही. दुसरा वापरा. जुळवाजुळव करत बसू नका.

शेवटची तपासणी दोघांनी करायची. एकाने मूळ फोटो घ्यायचा, दुसऱ्याने अरबी प्रत, आणि ती कागदावर छापलेली, पडद्यावरची नव्हे. पहिल्याने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून प्रत्येक खूण मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने बोट ठेवून टिक करायची. स्टार-डेल्टाच्या एका पानाला अर्धा तास लागतो. अरबी नावं मात्र अरबी वाचणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्या, आणि तो इलेक्ट्रिशियन असेल तर फारच उत्तम. काँटॅक्टरला शब्दकोशातलं नाव वेगळं आणि साइटवर सगळे म्हणतात كونتاكتور. साइटवर कागद पाठवायचा तो पीडीएफ करून, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवू नका.