लँग्वेज एक्सचेंजचा एक तास: नुसत्या गप्पा नकोत, चुका कशा काढून घ्यायच्या

समजा तुम्ही पुण्यात जर्मन शिकताय, ए२ लेव्हल झालीय, पुढची बी१ चालू आहे आणि जर्मनीतला कोणीतरी मराठी शिकणारा पार्टनर मिळालाय. पहिले दोन आठवडे भारी वाटतं, मग हळूहळू दोघंही इंग्रजीत बोलायला लागतात आणि महिनाभरात कॉल बंद पडतो. हे टाळायचं तर तासाला थोडी शिस्त लागते.

आधी वेळ. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार, कारण तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात. त्यामुळे "नेहमीच्या वेळी" असं म्हणू नका, कोणाची वेळ धरायची ते ठरवा.

मग तास कापा. ३० मिनिटं फक्त जर्मन, ३० मिनिटं फक्त मराठी, आणि मोबाईलवर खरोखर टायमर लावा, अंदाजाने नको. जो नंतरची भाषा शिकतोय त्याचं नुकसान होतं कारण तोवर दोघंही दमलेले असतात, म्हणून दर आठवड्याला सुरुवातीची भाषा बदला. शब्द अडला तर त्याच भाषेत फिरवून सांगा, अगदीच नाही जमलं तर तो एक शब्द इंग्रजीत विचारा आणि लगेच परत या.

विषय आदल्या दिवशी मेसेज करून ठेवा आणि छोटा ठेवा. "संस्कृती" वगैरे नको, त्यात दोघंही ठरलेली चार वाक्यं बोलून गप्प होतात. "गेल्या रविवारी काय केलं" हा विषय बी१ला उत्तम, कारण त्यात भूतकाळ सारखा वापरावा लागतो.

आता करेक्शन, खरी गोची इथेच आहे. "माझ्या चुका सांग हं" एवढं म्हणून काही होत नाही, पार्टनर बिचारा सभ्यपणे हसतो आणि "छान बोलतोस" म्हणतो. नेमकं मागा. म्हणजे सुरुवातीलाच सांगायचं, की आज फक्त भूतकाळ बघ, बाकी चुका सोडून दे, मला मध्ये थांबवू नकोस, चुकलेलं वाक्य चॅटमध्ये टाईप करत जा, पाच मिनिटांनी आपण थांबून बघू. मध्ये थांबवलं की बोलण्याची लय जाते आणि दुसऱ्या वेळी माणूस सोपीच वाक्यं बोलतो.

उदाहरण घ्या. तुम्ही म्हणालात "इश हाबं नाख मुंबई गेफारन". समजलं सगळं, पण प्रवास करून कुठेतरी गेलो असं सांगताना तिथे "हाबं" नाही, "इश बिन नाख मुंबई गेफारन" हवं. पार्टनर बऱ्याचदा फक्त "आह, डू बिस्ट नाख मुंबई गेफारन!" असं बरोबर करून पुढे जातो आणि आपल्याला वाटतं तो नुसता दाद देतोय, करेक्शन कानावरून जातं. म्हणून चॅट हवंच. आणि पाच मिनिटांनी नुसतं वाचून "ओके ओके" करू नका, तीच रविवारची गोष्ट पहिल्यापासून परत सांगा, या वेळी तीन मिनिटांत. चूक सुधारली का ते तिथे कळतं.

शंका विचारताना "हे बरोबर आहे का?" पेक्षा "तू हे कसं म्हणशील?" विचारा, जर्मनमध्ये "वी व्युर्डेस्ट डू दास झागन?". पहिल्या प्रश्नाला सहज "हो" मिळतं, दुसऱ्याला आख्खं वाक्य मिळतं.

तुमची पाळी आली की हेच उलट करा. पार्टनर हमखास म्हणणार "मी पोळी खाल्लो". नियम समजवायला जाऊ नका, बहुतेकांना आपल्याच भाषेचा नियम सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितला तर समोरचा अजून गोंधळतो. त्याऐवजी तीन वाक्यं द्या: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. मग त्याला विचारा काय बदलतंय, आणि "मी लाडू..." पुढे त्याला पूर्ण करू द्या. "का" हा प्रश्न फारच अडला तर त्याच्या क्लासच्या सरांसाठी राखून ठेवा, पार्टनर म्हणजे शिक्षक नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात असू द्या. तसंच तुम्ही कोल्हापूरचे असाल किंवा तो बव्हेरियाचा असेल तर "आमच्याकडे असं म्हणतात" हे स्पष्ट सांगा, नाहीतर बोलीतलं रूप परीक्षेत लिहिलं जातं.

कॉल संपायच्या आधी चॅटमधली तीनच वाक्यं वहीत उतरवा, सगळी नको. चॅटमध्ये एकही वाक्य नसेल तर पार्टनर लाजतोय किंवा तुम्ही फार सोपं बोलताय, पुढच्या वेळी विषय जरा अवघड घ्या. वीस वाक्यं असतील तर त्याला म्हणा एकाच प्रकारची चूक बघ. पुढच्या कॉलची सुरुवात त्याच तीन वाक्यांनी करा, वही न बघता, आणि पार्टनरला नुसतं ऐकायला सांगा. एखादं परत अडलं तर ते चौथ्या आठवड्यातही ठेवायचं, सुटेपर्यंत.