पाककृतीची गोष्ट करताना माप कसं सांभाळायचं?

पाककृती गोष्टीसारखी लिहायला बसलं की पहिला बळी मापांचा जातो. ‘थोडं पाणी’, ‘जरा वेळ’ हे शब्द लयीत छान बसतात आणि भात मात्र चिकट होतो. उपाय सोपा आहे: आकडे आधी खिळ्याने ठोकून घ्यायचे, मग त्यांच्याभोवती शब्द फिरवायचे.

उदाहरणाला साधा भात घेऊ. मूळ कृती अशी: 1 कप तांदूळ, पावणेदोन कप पाणी, अर्धा चमचा मीठ, 1 चमचा तेल. तांदूळ धुऊन 20 मिनिटं भिजवा, निथळा. पाणी उकळलं की मीठ, तेल, तांदूळ घाला. पुन्हा उकळी आली की आच मंद करा, झाकण ठेवून 12 मिनिटं शिजवा. गॅस बंद करून झाकण न उघडता 10 मिनिटं ठेवा.

पहिलं काम, आकड्यांची यादी. प्रत्येक आकडा त्याच्या वस्तूसह वेगळ्या कागदावर उतरवा. इथे चार मापं आणि तीन वेळा आहेत, म्हणजे सात आकडे. शिवाय दोन जागी घड्याळ नाही, खूण आहे: पहिली उकळी आणि दुसरी उकळी. या खुणांना मिनिटं चिकटवू नका. पातेलं आणि शेगडी बदलली की ती बदलतात. गोष्टीची खरी मजा याच दोन जागी करता येते, कारण तिथे डोळ्यांना आणि कानांना काम असतं.

दुसरं, क्रम. गोष्टीत मागे जाता येतं, स्वयंपाकात नाही. ‘तांदूळ पडला, तो वीस मिनिटं भिजवलेला होता’ हे वाक्य वाचायला बरं, पण ओट्याशी उभ्या माणसाने तोवर कोरडा तांदूळ ओतलेला असतो. काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने ते लिहा.

तिसरं, शब्दांची निवड. मराठीची इथे मोठी सोय आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द काटेकोर आहेत आणि नादमयही. 1.75 लिहिलं की ओळ अडखळते, ‘पावणेदोन’ लिहिलं की वाहते. कालवाचक शब्दांत मात्र सापळा आहे. ‘घटकाभर’ सुंदर वाटतं, पण जुन्या मोजणीत घटका म्हणजे 24 मिनिटं आणि बोलण्यात ‘थोडा वेळ’. आपल्या 12 मिनिटांच्या जागी ते बसलं, तर जुना अर्थ घेणारा भात तळाशी करपवेल. ‘पळभर’ आणि ‘क्षणभर’ यांचंही तेच. मिनिटं मिनिटंच राहू द्या. ती कवितेत खुपत नाहीत, आपल्यालाच उगीच तसं वाटतं.

उपमेवरही लक्ष ठेवा. ‘ज्वाळा नाचू लागल्या’ म्हटलं की वाचक आच वाढवतो. मंद आचेला मंदच दिसणारी उपमा हवी.

आता हे सगळं धरून लिहिलेला तुकडा:

> एक कप तांदूळ धुवायचा, पाण्याचा दुधाळपणा ओसरेपर्यंत. मग वीस मिनिटं तो पाण्यात पडून राहतो आणि काचेसारखा दाणा पांढरा होतो. त्याला निथळत ठेवायचं. पातेल्यात पावणेदोन कप पाणी. आधी तळाशी कुजबुज, मग कडेला बुडबुडे, मग सगळं पाणी उसळतं. अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल आणि मागोमाग तांदूळ. पाणी दचकून गप्प होतं. ते पुन्हा बोलू लागलं, उकळी आली, की आच मंद, ज्योत बोटाच्या पेराहून लहान. वर झाकण. बारा मिनिटं आतलं काही दिसत नाही. गॅस बंद, पण झाकण आणखी दहा मिनिटं उघडायचं नाही. आतली वाफ अजून वरच्या दाण्यांत मुरते आहे.

शेवटचं वाक्य बघा. तिथे मूळ कृतीत नसलेलं कारण आलं आहे, आणि ते शोभेचं नाही. झाकण उघडलं की वाफ निघून जाते आणि वरचा थर टणक राहतो. हे कळलं तर वाचक दहा मिनिटं खरंच थांबतो. ‘बोटाच्या पेराहून लहान’ मात्र मला अजून खटकतं, कारण प्रत्येकाची शेगडी वेगळी. विजेच्या शेगडीवर तर ज्योतच नाही. म्हणून ‘आच मंद’ हे साधे शब्द मी तिच्या आधी ठेवलेच.

तपासणी उलट दिशेने करा. मूळ कृती न पाहिलेल्या माणसाला तुकडा द्या आणि त्यातून साहित्य व वेळा लिहून काढायला सांगा. सातही आकडे, योग्य वस्तूसमोर, परत आले पाहिजेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात सहाच परतले होते. ‘चिमूटभर मीठ’ असं लिहून मी अर्धा चमचा गिळला होता.